काढा, हळदीचं दूध, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या : पावसाळ्यातली आजारपणं यानं खरंच थांबतात का?

मीनल_गोरेगाव · १ जुलै, रात्री १०:४०

आमच्याकडे १ जूनपासून काढ्याचं पातेलं गॅसवरून उतरलेलं नाही. सासूबाई सकाळ-संध्याकाळ करतात : तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी, गवती चहा आणि भरपूर ज्येष्ठमध. ज्येष्ठमधामुळे गोड लागतो म्हणून मुलंही पितात, असा त्यांचा हिशोब. मुलं दोन घोट घेऊन सिंकमध्ये ओततात हे त्यांना माहीत नाही. रात्री सगळ्यांना हळदीचं दूध. नवरा व्हिटॅमिन सीची नारंगी गोळी चघळतो.

तरीही जूनमध्ये घरात दोनदा सर्दी फिरून गेली. मी म्हटलं, "आई, एवढं करूनही होतंच ना?" त्यावर "नाही केलं असतं तर चारदा झाली असती". याला काय उत्तर द्यायचं?

प्रश्न सरळ आहे. यातल्या कशाने संसर्ग टळतो का? की नुसतं समाधान? नियमाने पिणारे घरात फक्त सासरे. बाबा ७१ वर्षांचे आहेत, बीपी आहे, हल्ली संध्याकाळी पाय जरा सुजतात आणि थकतात. सासूबाईंना वाटतं की काढ्यामुळेच ते टिकून आहेत.

---

खडीसाखर · १ जुलै, रात्री ११:१५

मीनल, सासूबाईंशी वाद घालू नकोस. आमच्या आजीने गिरगावात चाळीतली बारा पोरं काढ्यावर वाढवली. कुणाला हॉस्पिटल बघावं लागलं नाही. घसा खवखवतोय आणि गरम काढा प्यायला की आराम पडतो की नाही? पडतो ना? मग काम करतोच की तो.

---

अजातशत्रू · १ जुलै, रात्री ११:३२

आजीच्या बारा पोरांचं उदाहरण प्रत्येक धाग्यावर येतं. तेरावा कुणी असेल तर तो सांगायला आपल्यात नसतो. सगळं प्लासिबो आहे. गरम पाणी प्या, पैसे वाचवा, विषय संपला.

---

डॉ_रात्रपाळी · २ जुलै, पहाटे ३:०५

रात्रपाळीत आहे, जरा निवांत आहे म्हणून लिहितो. मेडिसिनमध्ये सोळा वर्षं झाली.

खडीसाखर ताईंचं अर्धं बरोबर आहे. गरम पेयाने घशाला आराम पडतो, वाफेने नाक मोकळं वाटतं, आणि आजारी माणूस एरवी पीत नाही तेवढं पाणी पोटात जातं. पण हे सगळं सर्दी झाल्यानंतरचं. काढा पिऊन सर्दी *होतच नाही* असं दाखवणारा भरवशाचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. अजातशत्रूंचं "विषय संपला" मात्र मला पटत नाही. काढा म्हणजे नुसतं गरम पाणी असतं तर मी या धाग्यावर लिहायलाच आलो नसतो.

मीनल, तुमच्या प्रश्नापेक्षा शेवटच्या तीन ओळींनी मला जास्त अडवलं. तीन गोष्टी विचारतो. बाबांची बीपीची गोळी कोणती? पाकिटावरचं नाव वाचून सांगा. बीपी शेवटचं कधी मोजलं आणि किती होतं? आणि ज्येष्ठमध "भरपूर" म्हणजे नक्की किती?

---

पालघरची_पोर · २ जुलै, सकाळी ८:२०

बिनसाखरेचा च्यवनप्राश कोणता चांगला? माझ्या मुलीला साखर द्यायची नाहीये.

---

विरार_फास्ट · २ जुलै, सकाळी ८:५१

मीनलताई, तुमच्या धाग्यात घुसतो, माफ करा. मला महिन्याला एक सर्दी ठरलेली. सकाळी ४:५० ला उठतो, ५:४० ची गाडी, घरी यायला साडेनऊ, झोपायला बारा. सीच्या ५०० च्या दोन गोळ्या रोज घेतो, तरी काही फरक नाही. डोस वाढवू का? कुणीतरी म्हणालं की मॅरेथॉन पळणाऱ्यांना सीचा खूप फायदा होतो. विरार फास्टमध्ये चढणं हीसुद्धा मॅरेथॉनच आहे.

---

मीनल_गोरेगाव · २ जुलै, दुपारी १:३०

डॉक्टर, लंच टाइममध्ये घरी फोन करून विचारलं.

गोळी सकाळी एक. पाकिटावर अम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन अशी दोन नावं आहेत. बीपी मे महिन्यात १३२/८० होतं. त्यानंतर मोजलेलं नाही. ज्येष्ठमधाच्या काड्या सासूबाईंनी मेअखेरीस दादरहून पाव किलो आणल्या, आता निम्मा पुडा उरलाय. आणि हे मला माहीतच नव्हतं : बाबा दुपारी एक काडी चघळतही बसतात. सिगारेट सोडल्यापासूनची सवय आहे म्हणे.

पाय सुजतात त्याबद्दल आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले की अम्लोडिपिनने असं होतं, पाय वर घेऊन बसा.

---

डॉ_रात्रपाळी · २ जुलै, दुपारी ४:१०

तुमचे डॉक्टर चुकीचं बोलले नाहीत. अम्लोडिपिनने घोटे सुजतात, हे खूप वेळा दिसतं. पण त्यांना काढ्याबद्दल कुणी सांगितलं होतं का? बहुधा नाही. मी पेशंटला विचारतो, "अजून काही घेता का?" "नाही, काही नाही." काढ्याला कुणी औषध समजत नाही, तो घरचा असतो.

हिशोब करू. पाव किलोतले निम्मे म्हणजे सव्वाशे ग्रॅम, महिन्याभरात. दिवसाला साधारण चार ग्रॅम. मुलांचा वाटा सिंकमध्ये, सासूबाई आणि तुम्ही अर्धा-अर्धा कप. म्हणजे बाबांच्या पोटात रोज तीन ग्रॅमच्या आसपास जात असावं, चघळलेल्या काडीसकट. ज्येष्ठमधाची गोडी ज्यातून येते त्या द्रव्याचं नाव ग्लायसिरायझिन. ते मुळागणिक कमीजास्त असतं, पण चार टक्के धरलं तरी रोजचे १२० मिलिग्रॅम झाले. युरोपात दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असा सल्ला आहे, आणि तोही धडधाकट माणसासाठी.

ते करतं काय? आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक भरपूर फिरत असतं. मूत्रपिंडात मीठ धरून ठेवायचं एक बटण आहे आणि कॉर्टिसॉलने ते दाबू नये म्हणून तिथे एक एन्झाइम पहाऱ्याला बसलेलं असतं. ज्येष्ठमध या पहारेकऱ्याला झोपवतं. मग बटण सारखं दाबलं जातं, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतून सोडून देतं. परिणाम : पाय सुजतात, वजन वाढतं, बीपी चढतं, पोटऱ्यांत गोळे येतात, थकवा येतो. त्यातून बाबांच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारं औषध. तेही पोटॅशियम घालवतं. दोन नळ एकाच टाकीला.

फरक कसा ओळखायचा? नुसत्या अम्लोडिपिनने पाय सुजले तर पोटॅशियम घसरत नाही आणि बीपीही चढत नाही. म्हणून आज संध्याकाळी बीपी मोजा, उद्या सोडियम-पोटॅशियम आणि क्रिएटिनिन करा. ज्येष्ठमध आजपासून बंद. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि काड्यांचा पुडाही सोबत न्या. छातीत धडधड किंवा खूप अशक्तपणा वाटला तर सकाळची वाट पाहू नका.

---

खडीसाखर · २ जुलै, संध्याकाळी ६:०२

ज्येष्ठमधाने? अहो, गाणारे लोक दिवसभर तोंडात धरतात!

---

वैद्य_कुर्ला · २ जुलै, संध्याकाळी ७:४५

मी आयुर्वेदाचा पदवीधर, वीस वर्षं प्रॅक्टिस. डॉक्टरांशी माझे मतभेद पुढे येतीलच, पण इथे ते बरोबर आहेत. सूज आणि रक्तदाब असलेल्या रुग्णाला ज्येष्ठमध महिनोनमहिने मी देणार नाही. खडीसाखरताई, गाणारे एक तुकडा गालात ठेवतात, पाव किलो उकळत नाहीत.

दुसरं. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने जो क्वाथ सांगितला त्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. त्याचं तीन ग्रॅम चूर्ण दीडशे मिलिलिटर पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. त्यात ज्येष्ठमध नव्हतं, गुळवेलही नव्हती. ती भर घरोघरी पडली. एकच काढा आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना बारमाही पाजणं हे शास्त्रात कुठेच बसत नाही. माणूस बघून, ऋतू बघून, ठरावीक दिवस द्यायचा असतो. लोक पातेलं भरतात आणि नाव आमचं खराब होतं.

---

मीनल_गोरेगाव · ३ जुलै, रात्री ९:१८

काल संध्याकाळी शेजारच्या काकांच्या मशीनवर बीपी मोजलं : १६८/९४. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, १६४/९२. वजन मेपेक्षा अडीच किलोने जास्त. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात हे आजच कळलं. "वय झालं" म्हणून ते सांगतच नव्हते.

आज रिपोर्ट आला. पोटॅशियम २.९. लॅबच्या कागदावर ३.५ पासून पुढे नॉर्मल लिहिलंय. क्रिएटिनिन ठीक. लगेच डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी काढला, पोटॅशियमचं पातळ औषध दिलं, क्लोरथॅलिडोनची गोळी सध्या थांबवून दुसरी दिली. पुडा टेबलावर ठेवला तेव्हा ते क्षणभर काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?"

सासूबाई गप्प आहेत. मला त्यांचंच जास्त वाईट वाटतंय. पण एक विचारते, त्याही पितात, त्यांना का नाही काही झालं?

---

डॉ_रात्रपाळी · ४ जुलै, पहाटे २:२०

त्या अर्धा कप पितात, काडी चघळत नाहीत आणि लघवीची गोळी घेत नाहीत. शिवाय कुणाला किती बाधतं हे माणसागणिक वेगळं असतं. त्यांचंही बीपी एकदा बघून घ्या.

ज्येष्ठमधाचा परिणाम बंद केल्याबरोबर जात नाही, एक-दोन आठवडे रेंगाळतो. चार दिवसांत उतरलं नाही म्हणून घाबरू नका. पोटॅशियम मात्र तुमचे डॉक्टर सांगतील त्या दिवशी पुन्हा तपासा.

आता विरार_फास्ट. सीवर बरंच काम झालंय. २०१३ च्या मोठ्या आढाव्यात २९ चाचण्या आणि अकरा हजारांवर माणसं होती. रोज गोळी घेणाऱ्या सामान्य लोकांना सर्दी तितक्याच वेळा झाली. झाल्यावर मोठ्या माणसांत ती साधारण ८ टक्क्यांनी लवकर आटोपली, म्हणजे सात दिवसांची साडेसहा दिवसांत. सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेणाऱ्यांना ठाम फायदा दिसला नाही. तुम्ही म्हणता ते मॅरेथॉनचंही खरं आहे : मॅरेथॉन धावणारे, बर्फात स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीतले सैनिक यांच्यात सर्दी निम्म्यावर आली. पण ती सगळी मिळून सहाशेही माणसं नव्हती, आणि त्यांच्यात विरारचं कुणी नव्हतं.

डोस वाढवू नका. दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास रक्तातली पातळी जवळजवळ भरते, वरचं बहुतेक लघवीतून जातं. मोठ्या पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम धरतात, ती एका पेरूत भागते. आणि मुतखडा होऊन गेला असेल तर रोज एक ग्रॅम घेणं मला अजिबात आवडणार नाही.

तुम्हाला उलट विचारतो, ही सर्दीच आहे का? घसा आधी खवखवतो, अंग मोडून येतं, आठवडा-दहा दिवसांत बरं होतं, असं? की उठल्यावर आठ-दहा शिंका, पाण्यासारखं नाक, डोळ्यांना खाज, ताप नाही, आणि हे तीन-तीन आठवडे?

---

विरार_फास्ट · ४ जुलै, सकाळी ६:१२

गाडीतून लिहितोय. दुसरं. तंतोतंत दुसरं. आणि हो, २०१९ ला मुतखडा झाला होता.

---

डॉ_रात्रपाळी · ४ जुलै, सकाळी ७:३०

मग ही ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त. तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही, नको तिथे जास्त काम करतेय. तिला आणखी "बूस्ट" करून काय करणार? पलंगाजवळच्या भिंतीला पावसाळ्यात ओल किंवा बुरशी येते का ते बघा आणि एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

झोपेचं वेगळं सांगतो. २०१५ चा एक प्रयोग आहे. १६४ निरोगी माणसांची झोप आठवडाभर मनगटावरच्या यंत्राने मोजली आणि मग सर्दीच्या विषाणूचे थेंब त्यांच्या नाकात घातले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांच्या वर झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. ते आधीपासूनच कमी झोपत होते, मुद्दाम कुणी जागवलं नव्हतं, त्यामुळे सगळा दोष झोपेचाच असं म्हणता येत नाही. पण तुमची झोप पाच तासांच्याही आत आहे.

---

विरार_फास्ट · ४ जुलै, रात्री ११:४८

डॉक्टर, झोप वाढवायची तर घर अंधेरीला घ्यावं लागेल. सीच्या गोळीला महिन्याला शंभर-दीडशे लागतात.

(भिंत बघितली. कपाटामागे काळी पडलीय.)

---

अजातशत्रू · ५ जुलै, सकाळी १०:०५

मी "प्लासिबो, विषय संपला" लिहिलं होतं ते मागे घेतो. प्लासिबोने पोटॅशियम २.९ होत नाही. पण मग हळदीच्या दुधातही असं काही लपलंय का? माझी बायको काळी मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल घेते.

---

डॉ_रात्रपाळी · ५ जुलै, रात्री ९:५०

दूध निर्धास्त प्या. अर्ध्या चमच्यात दीडेक ग्रॅम हळद, त्यात कर्क्युमिन तीनेक टक्के, म्हणजे पन्नास मिलिग्रॅमही नाही. त्यातलं रक्तात नगण्य पोचतं. संसर्ग थांबवायला कमी आणि त्रास द्यायलाही कमी. रात्री गरम दुधाने झोप लागत असेल तर तेवढा फायदा घ्या.

कॅप्सूलचं तसं नाही. त्यात कर्क्युमिन कितीतरी पट असतं, आणि मिरीतलं पिपरीन मुद्दाम घालतात ते जास्त शोषलं जावं म्हणून. अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. कशासाठी घेतात ते विचारा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता अजिबात नको.

आणि गुळवेलही. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी सहा रुग्ण प्रसिद्ध केले होते. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेली, कावीळ घेऊन आले.

---

वैद्य_कुर्ला · ५ जुलै, रात्री १०:३५

आता मतभेद. त्या सहा जणांनी नक्की कुठली वेल खाल्ली होती? गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. मंत्रालयानेही तेव्हा हाच आक्षेप घेतला होता. बाजारात काय मिसळतात ते मला विचारा. सहा माणसांवरून वनस्पती बदनाम करू नका.

---

डॉ_रात्रपाळी · ६ जुलै, पहाटे १:१५

आक्षेप रास्त आहे. पण नंतर देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्ण मांडले, आणि त्यांच्यात बऱ्याच जणांच्या यकृतात स्वतःच्याच पेशींवर हल्ला चढवणाऱ्या आजाराची लक्षणं होती. माझा अंदाज असा की ज्यांच्यात ही वृत्ती आधीच दबून असते त्यांच्यात गुळवेल ती जागी करते. थायरॉइडचा तसा आजार असलेल्या पेशंटला मी गुळवेल नकोच म्हणतो.

---

वैद्य_कुर्ला · ६ जुलै, सकाळी ९:००

तुमचा तो अंदाज. माझ्या वीस वर्षांत एक कावीळ पाहिली नाही. असो, थायरॉइडवाल्यांना जपून, इतकं मान्य.

---

खडीसाखर · ६ जुलै, दुपारी १२:१०

तुम्ही दोघं भांडा. मग सांगा ना, मीनलच्या सासऱ्यांनी करायचं तरी काय? काढा नको, गोळी नको, कॅप्सूल नको.

---

डॉ_रात्रपाळी · ६ जुलै, रात्री ११:२०

ताई, एकाहत्तर वर्षांच्या माणसासाठी मी आधी लसींचं विचारीन. फ्लूची दर वर्षी आणि न्यूमोनियाची. मुंबईत फ्लू पावसाळ्यात चढतो, त्यामुळे लस एप्रिल-मेमध्ये घेतलेली चांगली. आता जुलै असला तरी घ्यायला हरकत नाही, फक्त बीपी आणि पोटॅशियम जागेवर आल्यावर डॉक्टरांना विचारून. शरीराला एखादा विशिष्ट जंतू आधीच ओळखीचा करून देणं लसीला जमतं. पातेल्यात त्यासाठी काही नसतं.

आणि गोरेगाव म्हणून एक. मुलं किंवा नवरा साचलेल्या पाण्यातून चालत आले, त्यातून पायाला जखम असेल, तर लेप्टोसाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळी लागते का ते विचारायचं. लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्यासाठी वेगळं औषध असतं, म्हणून घरातली उरलेली पाकिटं वाटू नका.

---

मीनल_गोरेगाव · २१ जुलै, रात्री १०:०५

सांगायला आले. पोटॅशियम ४.१. बीपी आज सकाळी १३६/८२. वजन दोन किलोने उतरलं, घोट्याला थोडी सूज अजून आहे. आमचे डॉक्टर म्हणाले ती अम्लोडिपिनचीच असावी. मी विचारलं, मग नक्की ज्येष्ठमध की ती लघवीची गोळी? ते म्हणाले, दोन्ही एकदम थांबवलं, आता सांगता येणार नाही. बीपी चढलं होतं म्हणून त्यांना ज्येष्ठमधाचा संशय जास्त आहे.

---

डॉ_रात्रपाळी · २२ जुलै, पहाटे ४:४०

मीही तेच म्हणेन. नुसत्या लघवीच्या गोळीने बीपी चढत नाही. खात्री करायची तर तेव्हाच दोन महागड्या रक्ततपासण्या करायला हव्या होत्या, आता त्यात अर्थ नाही.

---

मीनल_गोरेगाव · २२ जुलै, रात्री ९:३०

सासूबाईंनी उरलेला पुडा कामवाल्या मावशींना देऊन टाकला होता, ते मला आज कळलं. मावशींनाही बीपी आहे. धावत जाऊन परत आणला. काढा चालू आहे, फक्त आलं, तुळस आणि गवती चहाचा, ज्याला घसा धरलाय त्याच्यापुरता. बाबा म्हणतात, याला चवच नाही.

---

पालघरची_पोर · २३ जुलै, सकाळी ८:१५

च्यवनप्राशचं कुणी सांगितलंच नाही.